गोट्यानंतरचं लिंबू, ऊन आणि दुसरा वस्तरा: फिरत्या संदेशाला एका त्वचारोगतज्ज्ञाचं उत्तर

«मुंज, जावळ किंवा दहाव्याला गोटा केला की नवे केस दुप्पट दाट येतात. मात्र गोटा झाल्यावर लगेच राईच्या तेलात लिंबू पिळून डोक्याला चोळा आणि रोज अर्धा तास उन्हात बसा, व्हिटॅमिन डी थेट मुळांना मिळतं. खाज सुटली म्हणजे केस फुटताहेत, काही लावू नका. केस कमीजास्त आले तर पुन्हा वस्तरा फिरवा, तीनदा केलं की सगळे सारखे येतात. आपल्या सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

दर वर्षी चैत्र-वैशाखात, मुंजींचे मुहूर्त सुरू झाले की हा संदेश इंदूरच्या मराठी घरांमधून फिरायला लागतो. मी इथे त्वचारोगांची प्रॅक्टिस करते, त्यामुळे तो वाचून काय काय केलं गेलं ते पुढचे दोन महिने माझ्यासमोर येत राहतं. यातला पहिला मुद्दा निरुपद्रवी आहे, नुसता चुकीचा आहे. दुसऱ्या मुद्द्यानं मुलं भाजतात. तिसऱ्या आणि चौथ्यामुळे खरा आजार अंगावर काढला जातो. म्हणून चारही मुद्दे घेते, पण पहिल्यावर थोडक्यात आणि बाकीच्यांवर सविस्तर.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत भाग म्हणजे मूळ, आणि ते टाळूच्या कातडीत काही मिलिमीटर खोल, खालच्या चरबीच्या थरापर्यंत रुतलेलं असतं. वस्तरा वरच्या वर फिरतो. खाली त्याचा काही संबंध येत नाही, त्यामुळे मूळ ना जाड होतं ना नवं तयार होतं. डोक्यावर मुळं किती असणार हे जन्माआधीच ठरलेलं असतं. ही गोष्ट तपासूनही झाली आहे. 1928 मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीवर मोजमाप केलं. पुढे 1970 मध्ये पाच पुरुषांचा एकच पाय काही महिने दर आठवड्याला वस्तऱ्यानं साफ करून दुसऱ्या पायाशी तुलना केली गेली. केसाच्या जाडीत आणि वाढीच्या वेगात फरक मिळाला नाही.

मग हाताला दाट का लागतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्यानं कापलेलं टोक सपाट असतं. टोक काढलेल्या पेन्सिलीवर आणि मधूनच तोडलेल्या पेन्सिलीवर बोट फिरवून पाहा, तसाच हा फरक. शिवाय खुंट सरळ उभे असतात, आडवे पडत नाहीत, त्यामुळे भरगच्च वाटतात. केस दोन-तीन इंच वाढले की ते वाटणं संपतं.

मुंज झालेल्या घरात याची परीक्षा आयतीच करता येते. बटूची शेंडी ठेवलेली असते. वस्तऱ्यानं केस दाट होत असते, तर वर्षभरानं शेंडीच्या जागेचे केस आजूबाजूच्यांपेक्षा विरळ राहायला हवे होते. तसं कुठल्याच मुलात दिसत नाही. जावळाच्या बाबतीत गैरसमज का होतो हे मात्र मला समजतं. बाळाचे केस मुळातच मऊ आणि बारीक असतात, आणि वर्ष ते तीन वर्षांच्या वयात ते आपोआप जाड होऊ लागतात. जावळही नेमकं याच वयात काढतात, मग श्रेय वस्तऱ्याला मिळतं. जावळ श्रद्धेनं काढायचं तर जरूर काढा. केस दाट होतील या आशेनं, मूल आजारी असताना किंवा टाळूवर पुरळ असताना रेटून काढू नका.

आता उन्हाचं. इथे मला एक केस सविस्तर सांगायची आहे, कारण संदेशातली जवळजवळ प्रत्येक सूचना त्या घरानं मनापासून पाळली होती.

आठ वर्षांचा मुलगा, वैशाखातली मुंज. सकाळी क्षौर झालं, दुपारी सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी आजीनं राईच्या तेलात लिंबू पिळून डोक्याला चोळलं आणि अकराच्या सुमारास त्याला गच्चीवर बसवलं. अर्ध्या तासानं तो खाली आला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी टाळू लाल झाली आणि हात लावू देईना. रात्री उशी टोचते म्हणून तो रडत होता. दुसऱ्या सकाळपर्यंत लाली वाढली, आणि त्याच्याही पुढच्या दिवशी कपाळावर, कानामागे आणि मानेवर फोड आले. फोड गोल नव्हते, लांबट पट्ट्यांसारखे होते. घरच्यांना ती नागीण वाटली.

हा दोन वेगवेगळ्या गोष्टींचा परिणाम होता. पहिली म्हणजे साधं ऊन. टाळू वर्षानुवर्षं केसांखाली झाकलेली असते, त्यामुळे चेहरा आणि हात जसे रापून उन्हाला सरावतात तशी ती सरावलेली नसते. त्यात आपलं गाव कुठे आहे ते पाहा. कर्कवृत्त इथून उत्तरेला, उज्जैनजवळून जातं. म्हणजे मेच्या मध्यावर दुपारी इंदूरला सूर्य जवळजवळ बरोबर माथ्यावर असतो. तेव्हा चेहऱ्यावर किरण तिरपे पडतात, पण माथ्यावर सरळ पडतात. केस असताना हे जाणवत नाही. उन्हानं भाजलेलं लगेच दिसत नाही हेही ध्यानात ठेवायला हवं: लाली तीन-चार तासांनी यायला लागते, बारा ते चोवीस तासांत कळस गाठते आणि चार-पाच दिवसांनी पापुद्रे निघतात. म्हणून «खाली आला तेव्हा ठीक होता» याला काही अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट लिंबू. लिंबाच्या रसात आणि सालीच्या तेलात असे पदार्थ असतात जे ऊन पडलं की कातडी जाळतात. रस लावून सावलीत बसलं तर बहुधा फक्त चरचरेल, आणि उन्हात बसलं तर एक-दोन दिवसांनी फोड येतात. ओळखायची खूण आकारात असते. रस जिथून ओघळला तिथेच फोड येतात: कपाळावरून भुवईकडे, कानामागून मानेवर. या मुलाच्या पट्ट्या तशाच होत्या. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, बारीक फोडांच्या घोसांनी येते, तर याला दोन्ही बाजूंना ओघळ होते. फोड भरून आले तरी त्या जागी काळपट डाग कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतात. वस्तऱ्यानं आधीच कातडीचा वरचा थर खरवडलेला असतो, त्यामुळे नव्या गोट्यावर हे जास्त जोरात होतं. राईचं तेल तर स्वतःच झोंबरं आहे, ताज्या क्षौरावर त्याला जागाच नाही. आणि तेलाची ओल उन्हापासून वाचवत नाही. तेलकट कातडीतून किरण उलट सहज आत शिरतात.

व्हिटॅमिन डीबद्दल एवढंच: ते कातडीत तयार होतं, रक्तात जातं आणि यकृत व मूत्रपिंडातून गेल्यावर कामाचं होतं. ते टाळूत तयार होऊन शेजारच्या मुळात उतरत नाही. हातपाय उघडे ठेवून कोवळ्या उन्हात खेळणाऱ्या मुलाला डोकं उघडं ठेवून काही जास्तीचं मिळत नाही.

मग करायचं काय? वेळेचा हिशेब सोपा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा ऊन जाळणारं असतं. मेमध्ये इंदुरात हा काळ साधारण सव्वानऊ ते साडेतीन. त्या वेळात डोकं झाकलेलं हवं. नुसता पांढरा पातळ पंचा पुरत नाही, आणि तो ओला केला की त्यातून ऊन आणखी आत येतं. गारवा हवा असेल तर ओला पंचा सावलीत घ्या. उन्हात जाड सुती उपरण्याची दुहेरी घडी घ्या किंवा सगळीकडून काठ असलेली टोपी घाला. गांधी टोपीनं माथा झाकतो, पण कान आणि मान उघडी राहतात, आणि फोड बहुतेक तिथेच आलेले मी पाहते. ज्यांना टोपी घालता येत नाही अशांनी, उदाहरणार्थ दहाव्याचे विधी करणाऱ्यांनी, छत्री धरायला कुणाला तरी सोबत घ्यावं. खेडीघाटावर नर्मदेच्या वाळूत भर दुपारी उघड्या डोक्यानं तासन्‌तास बसलेले कर्ते मी पाहिले आहेत. तिथे मंत्र म्हणणाऱ्या गुरुजींनाही घाटावरची सावलीची जागा मागितली तर ते नाही म्हणत नाहीत.

सनस्क्रीन लावायचं तर क्षौरानंतर एक दिवस थांबा, नाहीतर ते चरचरतं. मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं, 30 किंवा जास्त एसपीएफचं घ्या. पूर्ण डोकं, कान आणि मान मिळून लहान चमचाभर तरी लागतं. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि बाहेरच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नका, त्याला उन्हात नेऊच नका.

भाजलंच असेल तर साध्या थंड पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. बर्फ थेट नको. नंतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. हळद, टूथपेस्ट, तूप, चुना यातलं काही नको, कारण त्यामुळे उष्णता अडकते आणि जखम पाहताही येत नाही. फोड फोडू नका. मोठे फोड, ताप, उलटी, गुंगी किंवा वर्षाखालचं बाळ असेल तर घरी थांबू नका. या मुलाला मी फोडांवर सौम्य स्टेरॉइड मलम थोडे दिवस दिलं आणि ऊन पूर्ण बंद केलं. फोड आठवड्याभरात सुकले, डाग शाळा सुरू झाली तरी होते.

खाजेबद्दल सांगताना मला दिवस महत्त्वाचे वाटतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी जी खाज येते ती वस्तऱ्यानं कोरड्या पडलेल्या कातडीची. तिसऱ्या ते साधारण दहाव्या-बाराव्या दिवसातली खाज खुंटांची: अणकुचीदार टोकं उशीत, टोपीत अडकतात आणि टोचतात. केस रोज एक मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शानं वाढतो, म्हणजे आठवड्यात दोन-अडीच मिलिमीटर. खुंट तीन-चार मिलिमीटरचे झाले की ते वाकायला लागतात आणि ही खाज आपोआप थांबते. तोवर रोज साध्या पाण्यानं डोकं धुणं, एक दिवसाआड सौम्य शांपू, तिसऱ्या दिवसापासून खोबरेल तेलाचे चार थेंब आणि मऊ सुती अभ्रा एवढं पुरतं. सुतकात तेल-साबण वर्ज्य असेल तर नुसतं पाणीही चालतं, पण नखं कापलेली असू द्या. खाजवून झालेल्या ओरखड्यांतूनच पू होतो.

यापलीकडची खाज केसांची नव्हे. मे महिन्यात कापडाच्या टोपीखाली घामोळं उठतं, त्याला टोपी अधूनमधून काढून सावलीत वारा लागू देणं हाच उपाय. प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध केस आणि टोकाला पू दिसला तर केसाच्या मुळाशी जंतू गेलेले असतात. चार-दोन असतील तर स्वच्छतेनं बसतात. पसरत गेल्या, दुखू लागल्या, ताप आला किंवा मानेत अवधाण उठलं तर अँटिबायोटिक लागतं. क्षौरानंतर लावलेल्या अँटिसेप्टिकची किंवा डोक्यावर स्वस्तिक काढायला वापरलेल्या रंगीत कुंकवाची ॲलर्जीही मी पाहते. तिथे खाज नेमकी लावलेल्या जागेपुरती असते, स्वस्तिकाच्या रेषाही ओळखू येतात. उगाळलेलं चंदन बहुतेकांना सोसतं. जाड थरानं तेल थापलेल्या डोक्यावर कोंडाही वाढतो, कारण कोंड्याशी निगडित बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते.

पुटकुळ्या टाळायच्या तर सुरुवात न्हाव्याच्या खुर्चीतच होते. पातं नवं, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं असावं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात पृष्ठभागावर सात दिवसांपर्यंत तग धरतो, म्हणून पाणी मारून पुसलेलं जुनं पातं चालणार नाही. डोकं आधी भिजवून मऊ करावं, वस्तरा केसांच्या कलानं फिरवावा. उलट्या दिशेनं फिरवला की गोटा गुळगुळीत होतो, पण केस कातडीखाली कापला जातो आणि आतल्या आत वळून पुळी करतो. कुरळ्या केसांत हे जास्त होतं. घाटावर क्षौर केलं असेल तर नदीच्या पाण्यानंतर घरी स्वच्छ पाण्यानं डोकं पुन्हा धुवावं.

चौथा मुद्दा, कमीजास्त आलेल्या केसांचा. याचं कारण कळलं की भीती जाते. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद वाढीच्या टप्प्यात असतात, उरलेले विश्रांतीत, आणि ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असते. वस्तरा दोघांनाही सारखंच कापतो. एका महिन्यानं वाढणारा केस सेंटीमीटरभर झालेला असतो, विश्रांतीतला मात्र खुंटच राहतो. तो नंतर गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो. त्यामुळे तीन-चार महिने डोकं खडबडीत दिसणं स्वाभाविक आहे. कानशिलांवरचे केस बहुतेकांत बारीक आणि जरा सावकाश वाढणारे असतात. भोवऱ्याजवळ आखूड केस चहूबाजूंना पसरतात म्हणून तिथे टक्कल असल्यासारखं वाटतं. पुन्हा वस्तरा फिरवला तर सगळं पुन्हा शून्यावर येतं, मुळांचे टप्पे होते तसेच राहतात. लांबी सारखी करायची असेल तर महिन्या-दीड महिन्यानं मशीन किंवा कात्री लावा, तेवढं पुरतं.

मोठ्या माणसांत दोन गोष्टी वेगळ्या असतात. कपाळाच्या कोपऱ्यांवर किंवा माथ्यावर आधीच विरळ होत असलेले केस गोट्यानंतर उघडे पडतात. ते वस्तऱ्यानं झालेलं नसतं आणि वस्तऱ्यानं भरूनही येत नाही. आणि ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे अशा माणसाचे केस दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून गळू लागले तर ते बहुधा त्या धक्क्याचं, जागरणाचं, उपासाचं फळ असतं. मोठ्या तापानंतरही असंच होतं. हे केस पुढच्या सहा-आठ महिन्यांत सहसा परत येतात.

या सगळ्यापेक्षा वेगळा असतो तो ठरावीक सीमा असलेला चट्टा. त्या बटूच्या डोक्यावर सहाव्या आठवड्यात रुपयाएवढी जागा विरळ राहिली होती. संदेशाप्रमाणे घरी दुसऱ्यांदा वस्तरा फिरवायचं ठरलं होतं, डागांसाठी माझ्याकडे यायचं होतं म्हणून ती जागा आधी मला दिसली. जागा पूर्ण गुळगुळीत असती तर मी चाई म्हटलं असतं: चाईत कातडी निरोगी दिसते, खवले नसतात, आणि कडेला बुंध्याशी बारीक, टोकाला जाड असे तुटके केस दिसतात. इथे तसं नव्हतं. राखाडी खवले होते, केस कातडीपाशी तुटून काळे ठिपके राहिले होते, आणि मानेत मागे अवधाण होतं. खवला खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशी दिसली. डोक्याचं गजकर्ण.

याला मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत, मुळाशी असते. गोळी किंवा पातळ औषध तोंडानंच घ्यावं लागतं. त्याला ग्रिसोफुल्विन दिलं, दुधाबरोबर किंवा तूप असलेल्या जेवणाबरोबर, म्हणजे ते नीट शोषलं जातं. कोर्स सहा ते आठ आठवड्यांचा होता. खाज दहा दिवसांत थांबली, आणि नेमकं तेव्हाच आईला वाटलं की आता औषध पुरे. मध्येच बंद केलं की ते परत येतं, म्हणून मी तिला खवले परत तपासेपर्यंत थांबायला सांगितलं. बरोबर आठवड्यातून दोनदा केटोकोनॅझोलचा शांपू, त्यानं पसरणं कमी होतं. कंगवा, टोपी, टॉवेल, उशी वेगळी. त्याच्या धाकट्या बहिणीचं डोकं तपासलं तर तिलाही खवले निघाले. अशा डोक्यावर वस्तरा फिरवला असता तर बुरशी उरलेल्या टाळूवर ओढली गेली असती, आणि त्याच दुकानात पुढच्या मुलापर्यंत पोहोचली असती.

असा चट्टा फुगून मऊ, दुखरा झाला आणि त्यातून पू येऊ लागला तर त्याला गळू समजून चिरा देऊ नये. तीही गजकर्णाचीच जोरदार प्रतिक्रिया असते. पण तशीच राहू दिली तर मुळं व्रणात जातात आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत. म्हणून खवल्यांचा चट्टा किंवा मऊ सूज दिसली, तर महिनाभर वाट न पाहता त्याच आठवड्यात डोकं डॉक्टरांना दाखवावं.